फोटो उजळून मिळणेबाबत

१७ डिसेंबर हा पेन्शनरांचा दिवस. १९८२ साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात असा निकाल दिला की, कोण कुठल्या तारखेला निवृत्त झाला एवढ्यावरून पेन्शनरांत डावं-उजवं करता येणार नाही. तेव्हापासून या दिवशी सभा होते, हार-नारळ होतात आणि कुठं कुठं स्मरणिकाही निघते. स्मरणिका निघायची म्हटलं की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जालन्यातल्या एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर एक लांबट लिफाफा येऊन पडणार, हे ओघानं आलंच. आत एक पत्र. पत्र लिहिणारा निवृत्त झालेला असतो, पण त्याची लेखणी अजून सेवेत असते. म्हणून वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक असतो. घरच्या घरी जावक नोंदवही घातल्याशिवाय माणसाला पत्र पाठवल्यासारखं वाटत नाही. विषय : निरोप समारंभाचा समूह फोटो उजळून मिळणेबाबत. संदर्भ : आपले व आमचे समक्ष भेटीतील बोलणे. मग मजकूर : ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदरहू फोटो कालौघात फिका पडला असून स्मरणिकेत छापणे आहे, करिता तो जास्तीत जास्त उजळून देण्याची तजवीज व्हावी.’ खाली ‘अत्यंत तातडीचे’, त्याखाली दोन रेघा आणि तळाला ‘प्रत माहितीस्तव : संपादक मंडळ’. पत्र कसं असावं याचा हा नमुनाच म्हणायचा. शुद्धलेखन चोख, समास सोडलेला, सही ओळखू येणारी. चुकलाय त्यात फक्त एक शब्द, आणि नेमका तोच शब्द म्हणजे सगळं काम आहे. तो शब्द ‘उजळून’. एका क्रियापदासाठी एवढा मोठा लेख खरडणारा माणूसही पेन्शनीला आला असावा अशी शंका वाचकाला येईल, तर येऊ द्या.

फोटो फिका पडतो म्हणजे काय होतं, हे शांतपणे पाहिलं तर पत्रातली विसंगती चटकन ध्यानात येते. फिका पडलेला फोटो काळवंडत नाही, तो पांढरा पडत जातो. त्यातला काळेपणा उडालेला असतो. उजेड मुळात कमी पडलेला नसून नको तितका झालेला असतो, आणि अर्जदार लेखी मागणी करतोय की आणखी उजेड द्या. पातळ झालेल्या वरणात ‘जरा पाणी घालून सारखं करा’ म्हणण्यापैकीच हे. समजा हा फोटो १९८७ चा आहे आणि अंबड तालुक्यातल्या एखाद्या कचेरीत साहेबांच्या निरोपाच्या दिवशी काढलेला आहे. बारा बाय दहा इंची रंगीत प्रत, एकतीस माणसं. खुर्च्यांवर नऊ, मागं उभ्या दोन रांगा आणि पुढं सतरंजीवर मांडी घालून बसलेले चौघं. आपला अर्जदार तेव्हा बावीस वर्षांचा नवा लिपिक, शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा. फोटो स्कॅन केला की संगणक प्रत्येक ठिपक्याला शून्यापासून २५५ पर्यंत एक आकडा देतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे कोरा कागद. नवा असताना या फोटोतले तेल लावून चापून बसवलेले केस वीसच्या आसपास असणार. आज तेच केस पंच्याऐंशीवर आलेत. म्हणजे फोटोबाहेर जे पिकले ते फोटोतही पिकले, यात कचेरीची काही चूक नाही. मागची चुन्याची भिंत दोनशे पस्तीसवर आहे. तेव्हा एकतीस माणसं, खुर्च्या, कडुनिंबाचं झाड आणि निरोपाचं दुःख एवढा सगळा संसार पंच्याऐंशी ते दोनशे पस्तीस या दीडशे आकड्यांत दाटीवाटीनं मांडलेला आहे.

आता पत्राबरहुकूम काम करू. स्टुडिओतला पोरगा फोटोशॉप उघडतो, Brightness नावाची घसरपट्टी धरतो आणि उजवीकडे सरकवतो. साध्या हिशेबात हे म्हणजे प्रत्येक आकड्यात सरसकट चाळीस मिळवणं झालं. महागाई भत्त्यासारखं, सर्वांना लागू. केसांचे पंच्याऐंशी होते ते एकशे पंचवीस झाले, म्हणजे मंडळी आणखी पिकली. भिंतीचे दोनशे पस्तीस होते ते दोनशे पंच्याहत्तर व्हायला हवे होते, पण संगणकाची वेतनश्रेणी दोनशे पंचावन्नला संपते. तिथं कुंठित वेतनवाढ नाही. म्हणून दोनशे पंधराच्या वर जे जे होतं ते सगळं कोरं झालं : भिंत, तिच्यापुढची गांधी टोपी, टोपीखालचा पांढरा टेरिकॉटचा सदरा, धोतर आणि साहेबांच्या गळ्यातला मोगऱ्याचा हार. मराठवाड्यात निरोप समारंभाला माणूस पांढरं घालून येतो, हे इथं अंगाशी येतं. टोपी भिंतीत जाते, सदरा टोपीमागं जातो आणि उरतात अधांतरी लटकणारे एकतीस चेहरे. मग संवाद होतो तो साधारण असा. ‘काका, आणखी किती उजळू?’ ‘माणसं दिसतील एवढं.’ ‘काका, आता नुसती भिंतच दिसायलीय.’ ‘मग थोडं आणखी उजळ, भिंतीमागं असतील.’ पोरगा हुशार असला तरी त्याला दोष देता येत नाही. त्याच्या समोर सहीनिशी लेखी आदेश आहे, जावक क्रमांकासह, आणि त्यात ‘जास्तीत जास्त’ असं लिहिलंय. ‘त्यांना काय हवंय ते स्टुडिओवाल्याला कळतं, शब्दाचा कीस कशाला काढता?’ हा आक्षेप इथंच गळून पडतो. ज्यांनी छत्तीस वर्षं ‘लेखी द्या’ म्हणून लोकांना परत पाठवलं, त्यांच्या लेखीची अंमलबजावणी शब्दशः झाली तर तक्रार कुणी करायची?

फोटो फिका का पडला हेही पाहायला हवं, कारण ‘कालौघात’ या शब्दात काळ उगाच बदनाम होतो. रंगीत छायाचित्राच्या कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असतात : पिवळा, किरमिजी आणि निळसर. तिघंही एकाच दिवशी कामावर रुजू झालेले, पण तिघांच्या निवृत्तीच्या तारखा वेगवेगळ्या. भिंतीवर उजेडात टांगलेल्या जुन्या प्रतीत बरेचदा किरमिजी आधी रजेवर जातो. पेटीत, अंधारात ठेवलेल्या प्रतीत निळसर आधी जातो आणि फोटो लालसर होत जातो. म्हणून एकाच निरोपाच्या दोन प्रती काढल्या, एक कचेरीत लावली आणि एक ट्रंकेत ठेवली, तर पस्तीस वर्षांनी एकीतली माणसं आजारी दिसतात आणि दुसरीतली रागावलेली. कृष्णधवल फोटोचा रोग वेगळा. त्याच्यातली प्रतिमा रंगाची नसून चांदीच्या कणांची असते; ती बिघडते मुख्यतः हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, कागदात राहून गेल्यानं. तो कागद नीट धुवायचा तर वाहत्या पाण्यात तासभर ठेवायचा असतो. जालन्यात तासभर वाहतं पाणी! निजामकाळातल्या घाणेवाडीच्या तलावावर आणि पुढं टँकरवर दिवस काढलेल्या गावात एखाद्या स्टुडिओवाल्यानं साहेबांच्या फोटोसाठी तासभर नळ सोडला असता, तर निरोप त्याचाच झाला असता. तेव्हा जुन्या कृष्णधवल फोटोंवरच्या पिवळ्या डागांत थोडा वाटा कमी पावसाचाही आहे. फोटो आडवा धरून उजेडात तिरका केला आणि गडद भागावर निळसर रुपेरी चमक दिसली, तर ती चांदी वर आलेली आहे असं समजावं आणि ती पुसायला ओलं फडकं आणू नये.

पण आपला फोटो रंगीत आहे आणि तो खिडकीसमोर टांगलेला होता. अशा फोटोची खरी साक्ष मिळते ती चौकटीच्या कडेखाली. चौकटीची लाकडी पट्टी फोटोच्या चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर झाकते. तिथं ऊन पोचत नाही. फोटो चौकटीतून काढला की ही कड दिसते, आणि ती पाहून माणूस दचकतो, कारण १९८७ तिथं जसंच्या तसं बसलेलं असतं. पानं हिरवी, माती लाल, सदरा खरोखर पांढरा. बाकीचा फोटो किती उडालाय हे त्या अरुंद पट्टीशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि रंग कुठवर परत आणायचे याचं मापही तीच पट्टी देते. आता समूह फोटोत कडेला कोण असतं? साहेब नसतात. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्याच्या दरबाराचे फोटो काढणाऱ्या राजा दीनदयाळांच्या काळापासून मोठा माणूस मध्यात आणि मान उतरत जाईल तसतशी माणसं कडेला, ही बैठक आजवर मोडलेली नाही. त्यामुळे खिडकीचं ऊन पस्तीस वर्षं भरभरून खाल्लं ते साहेबांनी, अव्वल कारकुनांनी आणि पेशकारांनी. पंखा झाडायला बोलावलेला आणि ‘तूही उभा राहा रे कडेला’ म्हणून घेतलेला शिपाई अर्धा चौकटीखाली गेला आणि त्याचा डावा खांदा आजही नवाकोरा आहे. एकतीस जणांत खरा रंग टिकवून असलेला तो एकटाच, तोही अर्धा. इथं एक सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नये : दमट हवेनं फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढायचा नाही. कागदावरचा सरस काचेला धरून बसतो आणि ओढलं की साहेबांचा चेहरा काचेवर राहतो, खुर्ची कागदावर. अशा वेळी काचेसकट स्कॅन करावं, कडेच्या पट्टीचा मोह सोडावा.

योग्य काम काय, ते आता सरळ सांगता येतं. उजळायचं नाही, ताणायचं. जे दीडशे आकड्यांत कोंडलंय ते पुन्हा सव्वादोनशेवर पसरायचं. पंच्याऐंशीला परत वीसवर नेऊन बसवायचं आणि दोनशे पस्तीसला फार तर दोनशे पंचेचाळीसपर्यंत जाऊ द्यायचं, म्हणजे टोपीची घडी राहील. यासाठी Levels नावाची खिडकी असते आणि त्यात काळ्या टोकाचा बाण उजवीकडे सरकवावा लागतो. लाल, हिरवा, निळा या तिघांची खिडकी वेगवेगळी उघडून हेच केलं की रंगाचा तोलही बराचसा सावरतो, कारण तिन्ही थर सारखे उडालेले नसतात. थोडक्यात ही फोटोला कलप लावण्याची क्रिया आहे आणि कलपाबद्दल पेन्शनर मंडळींना वेगळं समजवावं लागू नये. पण गंमत अशी की असं काम केल्यावर फोटो पहिल्या झटक्यात वाईट दिसतो. काळं परत येतं तेव्हा ते एकटं येत नाही; आजवर फिकेपणाच्या पडद्याआड लपलेले बोटांचे ठसे, बुरशीची नक्षी, कसरीनं खाल्लेली भोकं आणि जिनिंगच्या दिवसांतली धूळ असं सगळं लटांबर बरोबर येतं. अर्जदार म्हणतो, ‘याच्यापेक्षा आधीचा बरा होता.’ स्टुडिओवाला म्हणतो, ‘काका, अजून साफ करायचाय.’ खरं काम इथून पुढचं असतं, एकेक ठिपका बुजवत बसण्याचं, आणि ते एकतीस वेळा करायचं असतं. ‘अत्यंत तातडीचे’ खालच्या दोन रेघांनी यातला एकही ठिपका कमी होत नाही.

यावर छापखान्याची माणसं एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. ती म्हणतील, स्मरणिका आर्ट पेपरवर थोडीच निघते. आतली पानं एकरंगी, साध्या मॅपलिथोवर. या कागदावर शाईचा ठिपका पडला की तो पसरतो आणि फोटो पडद्यावर दिसतो त्याहून काळा छापून येतो. तेव्हा काकांनी ‘उजळून द्या’ लिहिलं ते बरोबरच नाही का? अर्धं बरोबर आहे, आणि तेही चुकून. कागद ज्याला जास्त काळं करतो तो मधला पट्टा, म्हणजे नेमके चेहरे. मराठवाड्याच्या उन्हात रापलेला चेहरा मॅपलिथोवर नुसता सावळा डाग होऊ शकतो. म्हणून छापायला देताना चेहऱ्यांचा मधला पट्टा थोडा मोकळा करायचा, हे खरं. पण काळं टोक काळंच ठेवायचं आणि पांढरं टोक कोरं होऊ द्यायचं नाही. याला उजळणं म्हणत नाहीत. सरसकट उजळलेल्या फोटोत मिशी, भुवया, चष्म्याची काडी आणि बुबुळं करडी पडतात, आणि माणूस ओळखला जातो तो या चार काळ्या गोष्टींवरून; गोरेपणावरून कुणी कुणाला ओळखल्याचं ऐकिवात नाही. तरीही स्टुडिओच्या भाषेत ‘उजळणे’ म्हणजे कातडी गोरी करणे असा दुसराही अर्थ आहे, आणि तो फार धोक्याचा. लग्नाच्या अल्बमवर हात बसलेला पोरगा एकतीस जणांच्या चेहऱ्यांवरून तोच कुंचला फिरवतो आणि नाझर, गिरदावर, तलाठी असा अख्खा महसूल विभाग एकाच आईची लेकरं दिसायला लागतो.

खरा घोळ मात्र आकाराचा आहे आणि त्याचा पत्रात उल्लेखच नाही. मूळ प्रतीत एकेक चेहरा साधारण तेरा मिलिमीटर उंच आहे. स्मरणिकेत छापील भागाची रुंदी सात इंच धरू. संपादक मंडळानं आधी कबूल केलेलं पूर्ण पान शुभेच्छुकांनी खाल्लं. जालन्यात शुभेच्छुकांना तोटा नाही; बियाणांच्या कंपन्या आहेत, लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, मोंढ्यातले अडते आहेत. त्यामुळे कपाशीचं बोंड अर्ध्या पानावर चारही रंगांत फुलतं आणि त्याच्या मागच्या पानावर निरोप समारंभाच्या वाट्याला पाव पान येतं, साडेतीन इंच रुंदीचं. बारा इंचांचा फोटो साडेतीन इंचांत बसवला की तेरा मिलिमीटरचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटर उरतो. चार मिलिमीटर म्हणजे ज्वारीचा दाणा. अशा कागदावर इंचात एकशे तेहतीस ठिपक्यांची जाळी धरली तर एका चेहऱ्याला उभे वीस ठिपके मिळतात. त्यातले दोन मिशीत जातात, तीन टोपीत. उरलेल्या पंधरात कपाळ, नाक, जबडा आणि पस्तीस वर्षांची निष्कलंक सेवा दाखवायची. इथं ब्रह्मदेवानं फोटो उजळला तरी ज्वारीच्या दाण्यातून अर्जदार कोणता हे सांगता येणार नाही. ‘पण आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा तर मोठा करून छान दिसत होता,’ हा आक्षेप लगेच येतो. दिसत होता, कारण पडद्यावर दोन बोटांनी तो फुगवता येतो. छापील स्मरणिकेवर बोटं फाकवून पाहणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, पण त्यांना अजून यश आलेलं नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं, आणि मोबाइलनं काढताना काचेवर ट्यूबलाइटची जी पांढरी पट्टी उमटते ती नेमकी दुसऱ्या रांगेच्या डोळ्यांवरून जाते. फोटो सपाट ठेवून सहाशेवर स्कॅन केला तर एका चेहऱ्याला तीनशेच्या आसपास ठिपके मिळतात. एवढ्यावर काम करता येतं.

मग संपादक मंडळात कुणीतरी तोड सुचवतो : समोरासमोरच्या दोन पानांवर आडवा पसरून छापा, चेहरे मोठे होतील. होतात, थेट मूळ फोटोपेक्षाही मोठे होतात. पण दोन पानं जिथं शिवली जातात तिथली अर्धा-पाऊण इंचाची पट्टी बांधणीत दबते, आणि फोटोच्या बरोबर मध्यावर कोण बसलेलं आहे? ज्यांचा निरोप समारंभ आहे तेच. डावीकडून पंधरा, उजवीकडून पंधरा आणि मध्ये घडीत एक हार. साहेबांना आयुष्यात जे कुणी करू शकलं नाही ते बाइंडरनं केलं. यावर उपाय आहे, तो असा की दोन पानांचा हट्ट न धरता एकच पूर्ण पान घ्यावं आणि फोटो उभ्या पानावर आडवा फिरवून छापावा. वाचकाला स्मरणिका फिरवावी लागते, पण चेहरा नऊ मिलिमीटरचा मिळतो आणि साहेब शाबूत राहतात. तेव्हा पत्र मुळात स्टुडिओला लिहायचंच नव्हतं. आधी ते संपादक मंडळाला लिहायला हवं होतं, ज्यांना नुसती माहितीस्तव प्रत गेली.

पत्राच्या मागच्या पानावर ‘ता. क.’ म्हणून जे मुद्दे असतात, तिथं माणसाचा स्वभाव उतरतो. शेवटच्या रांगेत अर्जदाराचा अर्धा चेहरा समोरच्या उंच माणसाच्या कानामागं आहे, तो पूर्ण करावा. त्या दिवशी रजेवर असलेले अमुक यांना वरच्या कोपऱ्यात गोलात बसवावं. ही जुनी रीत आहे आणि गोलातला माणूस नेहमी स्वर्गवासी वाटतो, म्हणून संबंधितांची आधी ना-हरकत घ्यावी. ज्यांनी पुढं खोटी तक्रार केली त्या तमुक यांना काढता आलं तर पाहावं. यातल्या कशालाही स्टुडिओवाला नाही म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतो, आणि घोटाळा तिथं सुरू होतो. कानामागचा डोळा कागदावर कधी उमटलेलाच नव्हता. तो कुठूनही आणला तरी दुसऱ्या कुणाचा तरी असणार. उडालेला रंग आणि न आलेला रंग यांत फरक आहे. उडालेल्याचा थोडा माग राहतो आणि तो ताणून वर आणता येतो. न आलेल्याचा माग नसतो, तिथं फक्त कल्पना भरता येते. हा फरक ओळखायची खूण सोपी आहे : फोटोतल्या पाटीकडे पाहावं. पहिल्या रांगेच्या पायाशी काळी पाटी ठेवून तिच्यावर पांढऱ्या खडूनं कचेरीचं नाव, तालुका, जि. जालना आणि तारीख लिहिलेली असते. काळ्यावर पांढरं हे फोटोतलं सगळ्यात ठळक अंतर, म्हणून ते सगळ्यात शेवटी पुसलं जातं. पाटीवरची अक्षरं अजून वाचता येत असतील तर चेहऱ्यांतही काही शिल्लक आहे. पाटीही वाचता येत नसेल, तर कुणी कितीही छान चेहरे काढून दिले तरी ते काढलेले चेहरे आहेत. (१ मे १९८१ च्या आधीच्या फोटोत हीच पाटी ‘जि. औरंगाबाद’ म्हणते. ती ‘दुरुस्त’ करून मागणारेही निघतील. जिल्हा नंतर झाला, फोटो आधी निघाला. शासन निर्णयाला एवढा पूर्वलक्षी प्रभाव नसतो.)

या ता. क. ऐवजी एक ओळ लिहिली असती तर निम्मं काम झालं असतं. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो आणि बरेचदा त्यात हातानं लिहिलेला एक आकडा असतो. तो निगेटिव्हचा क्रमांक. निगेटिव्ह लिफाफ्यात, डब्यात, अंधारात पडून असते. तिनं खिडकीचं ऊन खाल्लेलं नसतं. ती सापडली तर फिकटलेल्या प्रतीशी झगडायची गरजच उरत नाही. ती सापडेलच असं नाही. जुन्या एक्स-रे फिल्मांसारखीच निगेटिव्हही चांदीच्या आशेनं रद्दीवाल्यानं नेलेली असू शकते, किंवा स्टुडिओ बापाकडून मुलाकडे जाताना माळा रिकामा केलेला असू शकतो. तरी विचारायला काय जातं? ज्या माणसानं हयातभर प्रत्येक कागदावर मागचा संदर्भ क्रमांक घातला, त्यानं नेमका हा क्रमांक गाळावा आणि ‘समक्ष भेटीतील बोलणे’ संदर्भ म्हणून द्यावं, याला काय म्हणावं!

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. म्हातारपणी माणूस जरा उजळ दिसला, तर तुमचं काय बिघडलं? काही नाही. फोटोतले बरेच जण आज नाहीत. जे आहेत त्यांना त्या दिवसाचा उजेड हवाय, आणि ‘उजळून द्या’चा खरा अर्थ तोच असावा. पण त्या दिवशी उजेड भरपूर होता. सगळे कपाळाला आठ्या घालून उभे आहेत, एकाचे डोळे मिटलेत, कारण फोटो भर उन्हात काढला. त्या उन्हाची खूण म्हणजे खुर्च्यांखालच्या काळ्याभोर सावल्या, आणि फिकेपणानं गिळलं ते त्यांनाच. सावली परत आणली की ऊन आपोआप दिसतं. तेव्हा अर्जदारांनी विषयाची ओळ तेवढी बदलावी, ‘फोटो गडद करून मिळणेबाबत’ असं लिहावं, पाठीवरचा क्रमांक संदर्भात घालावा आणि एक पूर्ण पान मिळाल्याशिवाय फोटो देऊ नये. चौकट पुन्हा बंद करण्याआधी पाठीमागं मऊ पेन्सिलीनं, न दाबता, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहून ठेवावीत. बॉलपेन वापरलं तर त्याची रेघ पुढून चेहऱ्यावर उमटते. आणि उजव्या टोकाला, चौकटीच्या पट्टीखाली जो उभा आहे, त्याचं नाव कुणाला तरी आजच विचारून घ्यावं. फोटोखालच्या छापील यादीत त्याच्या जागी नुसतं ‘शिपाई’ लिहिलेलं आहे.